गझालीचं ‘अल-मुन्किझ’: शंका, बंद पडलेली वाचा आणि सोडलेलं बगदाद – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागे एकदा मी मित्रांच्या ग्रुपवर गझालीबद्दल चार ओळी टाकल्या आणि तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. मला अरबी येत नाही, भाषांतरांवरच वाचलंय, पण बऱ्याचदा वाचलंय. आणि हो, गझालीला मी एकेरीच म्हणणार आहे, ज्ञानोबा-तुकोबाला म्हणतो तसंच, त्यात अनादर नाही.

हा माणूस कोण आणि हे पुस्तक नक्की काय आहे?

अबू हामिद अल-गझाली, जन्म १०५८ च्या सुमाराचा, गाव तूस, म्हणजे आजच्या इराणच्या ईशान्येला, मशहदच्या जवळ. शिकला निशापूरला, अल-जुवैनी नावाच्या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या गुरूंकडे, ते १०८५ मध्ये गेल्यावर सेल्जुक सुलतानाचा वजीर निझाम-उल-मुल्क याच्या दरबारात दाखल झाला, तिथे विद्वानांचे जंगी वाद व्हायचे आणि हा ते जिंकायचा. १०९१ मध्ये वजिराने त्याला बगदादच्या निझामिया मदरशावर मुख्य अध्यापक म्हणून पाठवलं, वय तेहतीस. स्वतःच सांगतो की तीनशे विद्यार्थी होते माझ्याकडे. म्हणजे त्या काळातली याहून मोठी पोस्ट नव्हतीच म्हणा ना.

चार वर्षांनी हा सगळं सोडून निघून गेला. आणि पुढे दहा-बारा वर्षांनी, पन्नाशी ओलांडल्यावर (चांद्र वर्षांनी मोजलेली पन्नाशी), त्याने एक छोटंसं पुस्तक लिहिलं, ‘अल-मुन्किझ मिन अल-दलाल’, नावाचा अर्थ साधारण ‘भरकटण्यातून सोडवणारा’. एका स्नेह्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलंय, त्यामुळे सूर पत्रासारखा आहे. एका शनिवार-रविवारात वाचून होतं.

म्हणजे त्याला देवाबद्दल शंका आली आणि मग तो भक्तीकडे वळला, असंच ना?

नाही! हा सगळ्यात कॉमन गैरसमज आहे आणि खरं सांगायचं तर हे अख्खं पान मी एवढ्या एकाच गोष्टीसाठी लिहितोय.

पुस्तकात दोन वेगवेगळी संकटं आहेत. पहिलं डोक्याचं, ‘मला काहीतरी खात्रीने कळू शकतं का’ हे. ते सुमारे दोन महिने टिकलं, बाहेर कोणाला पत्ता लागला नाही, शिकवणं चालूच होतं की नव्हतं हेही तो सांगत नाही, नेमकं कधी घडलं तेही नाही. दुसरं संकट १०९५ चं, आणि त्यात शंका अजिबात नाही, काय करायला पाहिजे हे त्याला स्वच्छ दिसत होतं, फक्त करवत नव्हतं. नोकरी, नाव, बायकामुलं, आरामाची सवय, सगळं धरून ठेवत होतं. यात त्याची वाचा बसली.

लोक या दोन्हींची खिचडी करतात आणि ‘शंका आली, तब्येत बिघडली, मग देव भेटला’ अशी एक पिक्चरची स्टोरी बनवतात. पुस्तक तसं नाहीये. शंका आधीच मिटली होती, आणि मिटल्यावरसुद्धा हा माणूस काही वर्षं तसाच राहिला, वाद घालत, पुस्तकं लिहीत, नाव कमवत. हेच मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

ठीक, मग पहिल्या संकटात नक्की काय झालं?

सुरुवात साधी आहे. तो म्हणतो की मी लहानपणापासून बघत आलोय, ख्रिश्चनांची पोरं ख्रिश्चन होतात, ज्यूंची ज्यू, मुसलमानांची मुसलमान. मग माझी श्रद्धा मला कळून आली की फक्त आईबापांकडून आली? एकदा हे मनात आलं की जुनी श्रद्धा परत तशीच बसवता येत नाही, तो म्हणतो ती काचेसारखी असते, तडा गेला की जोडून चालत नाही, वितळवून नव्यानेच घडवावी लागते.

मग त्याने ठरवलं की खात्रीचं ज्ञान म्हणजे काय ते आधी पक्कं करू. त्याची कसोटी अशी: दहा हे तीनपेक्षा मोठे हे मला माहीत आहे. आता कोणी येऊन म्हणाला की नाही, तीनच मोठे, आणि पुरावा म्हणून ही काठी मी साप करून दाखवतो, आणि खरंच केली. तर मी चाट पडेन, हे याने कसं केलं म्हणून डोकं खाजवेन, पण दहा-तीनबद्दल तसूभरही शंका येणार नाही. ज्ञान असं पाहिजे.

या कसोटीवर त्याने आपल्याकडचं सगळं घासून बघितलं. डोळ्यांनी दिसतं ते घ्या. सावली बघितली तर जागच्या जागी उभी वाटते, तासाभराने बघा, सरकलेली असते, आणि ती उडी मारून सरकलेली नसते, क्षणाक्षणाला हळूहळू सरकत होती, डोळा फसला. तारा एखाद्या दिनाराच्या नाण्याएवढा दिसतो पण भूमितीचे हिशोब सांगतात की तो पृथ्वीपेक्षा मोठा आहे. म्हणजे इंद्रियं गेली. मग उरली बुद्धी, दहा-तीनवाली.

आणि इथे त्याने जे केलंय ना ते वाचताना मी खरंच पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. तो इंद्रियांनाच बोलायला लावतो. इंद्रियं म्हणतात, तू आमच्यावर विश्वास ठेवत होतास, मग बुद्धी नावाचा न्यायाधीश आला आणि त्याने आम्हाला खोटं ठरवलं, तो आला नसता तर तू आम्हाला खरंच मानत राहिला असतास, मग कशावरून बुद्धीच्या मागे अजून एक न्यायाधीश नाही, जो आला तर बुद्धीला खोटं ठरवेल? आत्तापर्यंत आला नाही म्हणून तो नाहीच असं थोडंच आहे? वर स्वप्नाचं उदाहरण: स्वप्नात सगळं खरं वाटतं, जाग आल्यावर कळतं, मग ही जाग कशावरून दुसरं झोपणं नाही?

याला उत्तर द्यायचं तर पुरावा पाहिजे, पुरावा मांडायला बुद्धीची मूळ तत्त्वं लागतात, आणि शंका नेमकी त्यांच्यावरच आहे. अडकला. दोन महिने तो आतून पूर्ण संशयवादी होता, तोंडाने तसं बोलत नव्हता इतकंच, हे त्याने स्वतःच कबूल केलंय.

मग सुटला कसा त्यातून? काय युक्तिवाद सापडला?

काहीच नाही. तो म्हणतो हे पुराव्याने झालं नाही, रचलेल्या वाक्यांनी झालं नाही, देवाने छातीत एक प्रकाश टाकला आणि बुद्धीची मूळ तत्त्वं परत भरवशाची वाटायला लागली. बस्स एवढंच. अर्ध्या पानात विषय संपतो.

फिलॉसॉफीवाले मित्र इथे चिडतात, त्यांना ही पळवाट वाटते. मला तसं वाटत नाही, कारण तो नवीन काहीच सिद्ध केल्याचा दावा करत नाहीये, उलट सांगतोय की काही गोष्टी इतक्या मुळाशी असतात की त्यांचा पुरावा मागणंच चुकीचं, त्या हजरच असतात, आणि हजर असलेली गोष्ट शोधायला गेलं की ती हरवते. शिवाय त्याला प्रकाशातून परत काय मिळालं ते नीट बघा, दहा-तीन. कुठलं दर्शन नाही, गूढ ज्ञान नाही, साधी बेरीज-वजाबाकी परत मिळाली.

पण एक बी मात्र पडलं, हे माझं मत. त्याला अनुभवाने कळलं की सगळ्यात घट्ट ज्ञान वादातून येत नाही. वाद जिंकून पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट कळणं म्हणजे हलवायाला साखर बाधण्यासारखं आहे.

त्यानंतर तो म्हणे सगळे पंथ तपासत बसला?

हो, चार गट. कलामवाले म्हणजे धर्माचं युक्तिवादाने रक्षण करणारे, तत्त्वज्ञानी, बातिनी म्हणजे ‘अचूक इमामाकडूनच शिका’ म्हणणारे इस्माईली, आणि सूफी. पुस्तकाचा मोठा भाग यातच जातो, मी भराभर सांगतो.

कलाम हा त्याचा स्वतःचा धंदा होता. निकाल असा की त्या विद्येचं जे काम आहे ते ती नीट करते, पण माझा रोग वेगळा आहे. ते लोक समोरच्याने मान्य केलेल्या गोष्टींवरून त्याला पकडतात, आणि ज्याला दहा-तीनशिवाय काहीच मान्य नाही त्याला त्याचा काय उपयोग?

तत्त्वज्ञान त्याने गुरूशिवाय वाचलं, तीनशे विद्यार्थी सांभाळून उरलेल्या वेळात, दोन वर्षांच्या आत, आणि मग आणखी जवळजवळ वर्षभर नुसता विचार केला. मग वीस मुद्द्यांवर त्यांना झोडपलं, त्यातले तीन सगळ्यात गंभीर: जग अनादी आहे, देवाला फक्त सामान्य नियम कळतात वैयक्तिक तपशील नाही, आणि मेल्यावर शरीर परत उठणार नाही.

बातिनींचं खंडन करायला खलिफाकडूनच हुकूम आला होता. गंमत म्हणजे एका आपल्याच माणसाने तक्रार केली की तू त्यांची बाजू इतकी मस्त मांडलीस की त्यांना स्वतःलाही जमली नसती. गझाली म्हणतो की नीट न मांडता खोडलं तर ते म्हणतील याला कळलंच नाही.

पण हाच तो ना, ज्याने इस्लाममधलं विज्ञान संपवलं?

हा प्रश्न दर वेळी येतो. या पुस्तकात तरी उलट लिहिलंय. तो म्हणतो गणित, तर्कशास्त्र, ग्रहणाचे हिशोब यांना धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस हा इस्लामचा अडाणी मित्र आहे, कारण ज्याला ग्रहणाचा हिशोब पक्का कळलाय तो हिशोबावर शंका घेणार नाही, धर्मावरच घेईल. मात्र दुसरा धोकाही तो सांगतो, की गणितातली अचूकता बघून पोरं असं धरून चालतात की याच लोकांचं बाकीचंही सगळं तितकंच अचूक असणार. ज्याला एक येतं त्याला सगळं येतं असं समजणं, हा आजार आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर रोज दिसतो. पुढच्या शतकांमध्ये काय झालं त्याचं खापर एका माणसावर फोडता येत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

सूफींकडे गेल्यावर काय वेगळं झालं?

आधी त्याने नेहमीसारखंच केलं, पुस्तकं आणली. अबू तालिब अल-मक्कीचं ‘कूत अल-कुलूब’, मुहासिबीची पुस्तकं, जुनैद, शिबली, बायझीद बिस्तामी यांची वचनं. सगळं वाचून काढलं, समजलं, आणि मग लक्षात आलं की वाचून जेवढं मिळण्यासारखं होतं तेवढं मिळालंय, उरलेलं वाचून मिळतच नाही.

दारूचं उदाहरण देतो. नशेची व्याख्या, म्हणजे पोटातून वाफ डोक्यात चढते आणि विचारशक्ती झाकोळते (त्या काळचं वैद्यक हो), हे पाठ असणं वेगळं आणि नशेत असणं वेगळं. जो प्यायलाय त्याला व्याख्या सांगता येणार नाही, जो शुद्धीत आहे त्याला येते पण त्याच्यात नशेचा पत्ता नाही. तसंच आजारी पडलेला डॉक्टर, आरोग्य म्हणजे काय, कशाने येतं, औषध कुठलं, सगळं तोंडपाठ, फक्त आरोग्य तेवढं नाही. वैराग्याची व्याख्या येणं आणि विरक्त असणं यात एवढंच अंतर आहे. यासाठी त्याचा शब्द ‘झौक’, म्हणजे चव. आपल्याकडे ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ म्हणतात ना, नेमकं तेच दुखणं.

आता इथे खरा पेच पडला. आतापर्यंत कुठलाही गट आला की याचं काम ठरलेलं, वाचा, समजून घ्या, खोडा किंवा मान्य करा. पहिल्यांदाच असं काहीतरी समोर आलं जे मान्य करून चालत नाही, करावं लागतं. आणि करायचं म्हणजे पहिली पायरी काय, तर मानाची हाव आणि पैसा सोडणं. जे नेमकं याच्याकडे ढिगाने होतं.

१०९५ मध्ये मग नक्की काय घडलं?

त्याने आधी स्वतःची झडती घेतली. माझं सगळ्यात चांगलं काम काय, तर शिकवणं. मी काय शिकवतो, तर परलोकाच्या वाटेवर फारशा कामाच्या नसलेल्या विद्या. का शिकवतो, तर देवासाठी नाही, नाव व्हावं म्हणून. ढासळत्या कड्याच्या टोकावर उभा आहे असं वाटलं, असं तो लिहितो.

मग रखडणं सुरू. एक दिवस बगदाद सोडायचं ठरवायचं, दुसऱ्या दिवशी ठराव मोडायचा. एक पाय पुढे, एक मागे. सकाळी परलोकाची ओढ लागायची, संध्याकाळी वासनेची फौज येऊन ती पार मोडून टाकायची. आतून एक आवाज म्हणायचा निघ आता, आयुष्य थोडं उरलंय, प्रवास लांबचा आहे, आणि तुझी विद्या नि तुझं आचरण सगळा दिखावा आहे. दुसरा म्हणायचा अरे हा तात्पुरता मूड आहे, आत्ता असली जागा सोडलीस तर नंतर पस्तावशील आणि परत मिळणार नाही. हे रज्जब ४८८ पासून, म्हणजे जुलै १०९५ पासून, जवळपास सहा महिने चाललं असं तो म्हणतो. (तो निघाला नोव्हेंबरमध्ये, म्हणजे कॅलेंडरने चार-पाच महिनेच भरतात, पण अशा काळात कोण मोजत बसतो.)

शेवटी गोष्ट त्याच्या हातातच राहिली नाही. एक दिवस तो शिकवायला बसला, समोर लोक जमलेले, आणि जीभ हलेना. त्यांचं मन राखायला म्हणून प्रयत्न करायचा पण एक शब्द फुटायचा नाही. मग त्या दुःखाने पचन गेलं, घोटभर पाणी उतरेना, घास पचेना, अंगातली ताकद संपली. हकिमांनी हात टेकले आणि सांगितलं की हा आजार मनात सुरू होऊन शरीरात उतरलाय, मनातली काळजी हलकी झाल्याशिवाय इलाज नाही. आजच्या भाषेत याला काय निदान द्यायचं यावर लोक भांडतात, मी त्यात पडत नाही. पण कुठला अवयव बंद पडला ते बघा. ज्याच्यावर धंदा चालत होता तोच.

मग सरळ राजीनामा देऊन गेला?

नाही ना, आणि हे त्याने लपवलेलं नाही. सगळ्यांना सांगितलं की हजला मक्केला चाललोय, मनात मात्र सिरियाला जाऊन राहायचं आणि बगदादला परत यायचंच नाही असं ठरलेलं. खलिफाला आणि मित्रांना कळलं असतं तर जाऊ दिलं नसतं. पैसे वाटून टाकले, पण बायकामुलांच्या पोटापुरते ठेवून, आणि त्याचं कारणही देतो, की इराकमधलं उत्पन्न वक्फचं म्हणजे लोककल्याणासाठी राखलेलं असल्याने विद्वानाने घर चालवायला घ्यावं असा याहून चांगला पैसा जगात मी बघितला नाही. वैराग्याच्या ऐन भरातही हा मूळचा कायदेपंडित जागा आहे. मदरशात त्याच्या जागी धाकटा भाऊ अहमद शिकवायला लागला.

लोकांनी काय काय तर्क केले तेही नोंदवलंय. लांबच्यांना वाटलं सरकारची खप्पामर्जी झाली असेल, जवळच्यांना माहीत होतं की दरबार त्याला धरून ठेवत होता आणि हाच तोंड फिरवत होता, तेव्हा त्यांनी ठरवलं की विद्वानांना कोणाची तरी नजर लागली.

खरंच राजकीय भीती नव्हती का? निझाम-उल-मुल्कचा खून झाला होता ना?

झाला होता, ऑक्टोबर १०९२ मध्ये, इस्माईली मारेकऱ्याच्या हातून असं सर्वसाधारणपणे मानतात, आणि महिन्याभरात सुलतान मलिकशाहही गेला. मग गादीसाठी मारामाऱ्या. गझालीने बातिनींविरुद्ध उघड लिहिलेलं, त्यामुळे आपलाही नंबर लागेल अशी भीती वाटून तो पळाला असं काही आधुनिक अभ्यासकांनी मांडलंय. भीती नसेलच असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षांत तो रस्त्याने एकटादुकटा फिरला, आणि बातिनींविरुद्ध लिहिणंही थांबवलं नाही, जीव वाचवायला निघालेला माणूस असं करत नाही.

माझा संशय वेगळ्या ठिकाणी आहे. पुस्तक फार नीटनेटकं आहे. चार गट एकामागून एक तपासले, शेवटचा बरोबर निघाला, असं आयुष्य सहसा नसतं. आणि सूफी वातावरण त्याला नवीन नव्हतंच, वडील वारल्यावर दोघा भावांना एका सूफी स्नेह्याकडेच ठेवलं होतं असं चरित्रकार सांगतात आणि भाऊ अहमद तर पक्का सूफी. म्हणून घटना खऱ्या मानायच्या, पण क्रम हा शिकवायच्या सोयीने लावलाय हे लक्षात ठेवून वाचायचं.

सोडून गेल्यावर दिवसभर करायचा काय?

आधी दमास्कस, तो स्वतः जवळपास दोन वर्षं म्हणतो, पण पुढच्या तारखा बघता मुक्काम त्याहून कमीच भरतो. उमय्या मशिदीच्या मिनारावर चढायचा आणि आतून दार लावून दिवसभर तिथेच. मग जेरुसलेमला, तिथेही घुमटाखालच्या खडकापाशी दार लावून घेऊन बसणं. मग हेब्रॉन, मग हज. पोरांची ओढ लागली म्हणून घरी परतला, हे तो जरा ओशाळूनच सांगतो, आणि सांगतो की संसाराच्या कटकटींमुळे एकांत सलग मिळायचा नाही, तुकड्यातुकड्यात मिळायचा. १०९७ मध्ये तो बगदादमधून गेला तेव्हा अंदलुसियाहून आलेला एक तरुण विद्वान त्याच्याकडे शिकूनही गेला, म्हणजे दहा वर्षं गुहेत वगैरे अजिबात नव्हता.

मिनारावर आत काय चालायचं ते मुन्किझमध्ये नाही, पण याच काळात लिहिलेल्या ‘इह्या’ या त्याच्या चाळीस भागांच्या मोठ्या ग्रंथात पद्धत आहे. रिकाम्या जागी एकटं बसायचं, जिभेने सारखं अल्लाह अल्लाह म्हणायचं, लक्ष तिथेच ठेवून. काही काळाने जीभ हलवायचा प्रयत्न सोडला तरी शब्द तिच्यावर आपोआप वाहतोय असं वाटतं. मग जीभही थांबते आणि शब्द मनात चालू राहतो. मग अक्षरं पुसली जातात आणि नुसता अर्थ उरतो. इथपर्यंत माणसाच्या हातात, यापुढे काय होईल ते त्याच्या हातात नाही, वाट बघायची. हे वाचून आपल्या नामस्मरणाची आठवण येणारच, येऊ दे, पण दोन्हींचा हिशोब वेगळा आहे, उगाच सगळं एकच म्हणू नका. तिकडे हे सगळं पाच नमाज आणि शरियतच्या आत राहून आहे, तो त्यावर फार कडक होता.

वाद घालणं त्याने खरंच सोडलं?

हा माझा आवडता प्रश्न. १०९६ मध्ये हेब्रॉनला, इब्राहिमच्या कबरीपाशी त्याने तीन शपथा घेतल्या, सुलतानाचा पैसा घेणार नाही, सुलतानाच्या दरबारी जाणार नाही, आणि मुनाझरा म्हणजे जाहीर वाद घालणार नाही. हे मुन्किझमध्ये नाही, नंतरच्या त्याच्या फारसी पत्रात आहे. तीन गोष्टी एका माळेत ओवल्यात बघा, त्याच्या लेखी वाद हा दरबारी धंद्याचाच भाग होता.

आणि का, ते ‘इह्या’च्या पहिल्याच भागात आहे. तो म्हणतो दारू जशी बाहेरच्या पापांची आई तसा वाद आतल्या पापांची. मत्सर, अहंकार, समोरच्याच्या चुका हुडकत बसणं, तो फसला की आनंद होणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे समोरच्याच्या तोंडून सत्य आलं तर ते नकोसं वाटणं. हे त्याने कोणाचं ऐकून लिहिलेलं नाही, त्या फडात तो वाढलेला.

तरी सरसकट बंदी नाही. योग्य वादासाठी आठ अटी दिल्यात, त्यातल्या दोन-तीन सांगतो. खरोखर पडलेल्या प्रश्नावर वाद घाला, कधीच न घडणाऱ्या काल्पनिक खटल्यांवर नको. चारचौघांत घालण्यापेक्षा एकांतात घालायला जास्त आवडलं पाहिजे. आणि सत्य शोधताना हरवलेलं जनावर शोधणाऱ्यासारखं असावं, ते आपल्या हाताला लागलं काय की सोबत्याच्या, आनंद तेवढाच झाला पाहिजे, सोबत्याचे आभारच मानाल. मी ही अट कॉलेजातल्या एका वादविवाद स्पर्धेच्या आयोजकांना वाचून दाखवली होती, ते हसले आणि म्हणाले मग ट्रॉफी कोणाला द्यायची.

लिहिताना मात्र त्याची जुनी धार गेली नाही. मुन्किझमध्येही बातिनींवर तुटून पडतोच. शपथ तोंडी सामन्यांबद्दल होती असं समजू या.

मग तो परत शिकवायला का आला? ढोंगच झालं की!

हे ११०६ मधलं. निझाम-उल-मुल्कचा मुलगा फख्र-उल-मुल्क तेव्हा वजीर होता, त्याने जोर लावला आणि गझाली निशापूरच्या मदरशात परत शिकवायला लागला. त्याचं म्हणणं, आता एकांतात बसणं हा आळस आहे, आजूबाजूला लोकांची श्रद्धा ढासळतेय, आणि नवं हिजरी शतक उंबरठ्यावर आहे, दर शतकाच्या सुरुवातीला देव धर्म ताजा करणारा पाठवतो अशी हदीस म्हणजे पैगंबरांचं वचन आहे. म्हणजे स्वतःकडे त्याच नजरेने बघत होता, नम्रता जरा बेतानेच. आणि वर म्हणतो मी शिकवायला परत आलो तरी परत आलो नाही, कारण तेव्हा मी मान मिळवून देणारी विद्या शिकवायचो, आता मान सोडायला लावणारी शिकवतोय.

हे त्याचं स्वतःचंच सर्टिफिकेट झालं, म्हणून दुसऱ्या कोणाची साक्ष पाहिजे. ती आहे. निशापूरचा अब्द अल-गाफिर अल-फारिसी त्याला दोन्ही काळात ओळखत होता. तो लिहितो की पूर्वी हा लोकांना तुच्छ लेखायचा, बोलण्याच्या आणि बुद्धीच्या घमेंडीत असायचा, बदललेला बघून मला आधी वाटलं हे पांघरलेलं सोंग आहे, म्हणून मी परत परत जाऊन पारखून बघितलं, आणि मग कळलं की उलट आहे. मला ही साक्ष पटते कारण ती संशयाने सुरू होते. पुढे तूसला घराशेजारी एक मदरसा आणि सूफींसाठी खानकाह म्हणजे मठ चालवत राहिला, डिसेंबर ११११ मध्ये तिथेच गेला.

दरोडेखोरांची गोष्ट यात कुठे आहे? मला सापडली नाही.

कारण ती यात नाहीच. तरुणपणी जुर्जानहून परतताना लुटारूंनी त्याच्या वह्या घेतल्या, हा गयावया करायला लागला तर म्होरक्या हसला, म्हणाला वह्या गेल्या की ज्ञान गेलं, मग ज्ञान कसलं, आणि याने पुढची तीन वर्षं सगळं पाठ करण्यात घालवली. ही नंतरच्या चरित्रकारांनी दिलेली गोष्ट. भारी आहे, पण मुन्किझच्या नावाने फॉरवर्ड करू नका.

पुस्तकाच्या शेवटी तो आकड्यांचा चौकोन कशाला आहे? प्रिंटिंगची चूक वाटली.

चूक नाही. शेवटी त्याला बुद्धिवादी लोकांना पटवायचंय की बुद्धीच्या पलीकडेही कळण्याची एक पायरी असू शकते, म्हणजे दहा-तीनच्या वेळचाच तो ‘मागचा न्यायाधीश’ परत आलाय, पण आता शत्रू म्हणून नाही. लोक विचारायचे की सकाळच्या नमाजला दोनच रकात म्हणजे आवर्तनं, दुपारी चार, संध्याकाळी तीन, हे आकडे असेच का, कारण सांगा. तो म्हणतो वैद्य औषधाची मात्रा सांगतो तेव्हा तुम्ही प्रत्येक गुंजेचं कारण मागत नाही, घेता, आणि गुण येतो का बघता. आणि तुम्ही स्वतः काय काय मानता ते बघा जरा. अवघड बाळंतपणात सुटका व्हावी म्हणून पाणी न लागलेल्या दोन फडक्यांवर हा चौकोन लिहितात, बाई त्याच्याकडे बघते आणि मग ती पायाखाली ठेवते:

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

हे गुणकारी आहे असं तुमच्याच पुस्तकांत छापून आलंय आणि तुम्ही मुकाट मानता, मग दोन-चार-तीनलाच कारण का मागता? युक्तिवाद म्हणून मला हा लंगडा वाटतो, कारण आज आपण फडकंही मानणार नाही आणि मग त्याच्या हातात काहीच उरत नाही. पण चौकोन तेवढा पक्का आहे, आडव्या ओळी, उभ्या ओळी, दोन्ही तिरक्या, कुठूनही मिळवा, पंधरा.